१५०एएचची बॅटरी, हिशोबाने ३ तास, प्रत्यक्षात २ तास: हे सी२० प्रकरण नक्की काय आहे?

माळरान
नमस्कार मंडळी. फलटण तालुक्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दुपारची लाईट गेली की दोन-तीन तास येत नाही म्हणून इन्व्हर्टर आणि १५०एएचची ट्युब्युलर बॅटरी बसवली. दोन कॉम्प्युटर, एक पंखा, दोन ट्यूब, राउटर असा सगळा मिळून लोड ५०० वॉटच्या आसपास आहे, वायरमनने क्लॅम्प मीटर लावला तेव्हा बॅटरीच्या वायरमधून ५२ अँपिअर जात होते. आता १५० भागिले ५२ म्हणजे जवळपास २.९ तास, बरोबर? पण बॅटरी पूर्ण चार्ज असताना सुद्धा दोन तास झाले की इन्व्हर्टर शिट्टी मारतो आणि बंद. बॅटरी नवीन आहे, पाणी लेव्हलला आहे.
दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला "साहेब ही सी२० बॅटरी आहे, एवढ्या लोडला एवढंच मिळणार". सी२० स्टिकरवर खरंच छापलंय पण त्याचा अर्थ त्याला सांगता आला नाही. माझा सरळ प्रश्न: १५० लिहिलंय तर उरलेले ५० एएच गेले कुठे?

ड्रोनवाला
सी२० म्हणजे डिस्चार्ज रेटिंग. आमच्या ड्रोनच्या पॅकवर पण असतं, २२०० एमएएच २५सी म्हणजे २.२ गुणिले २५ = ५५ अँपिअरपर्यंत करंट देऊ शकतो. तसं तुझी बॅटरी २०सी म्हणजे ३००० अँपिअर देईल, ५२ म्हणजे तिच्यासाठी काहीच नाही. मला तर बॅटरी खराब वाटते, वॉरंटीत बदलून घे.

बाजारपेठ
ड्रोनवाले भाऊ, ३००० अँपिअर ट्युब्युलरमधून काढले तर दुकानासकट उडेल 😀
वॉरंटीत देऊन काही होणार नाही. सर्व्हिस सेंटरवाले त्यांच्या मशीनवर लावून "ओके" सांगून परत पाठवतात. मी स्वतः हा धंदा करतो. गिऱ्हाईक स्टिकर बघून भागाकार करतं आणि भांडायला आमच्याकडे येतं. कंपन्यांनी मोठा आकडा छापायचा आणि शिव्या आम्ही खायच्या.

अनघा_प
ड्रोनवाला, २५सी आणि सी२५ यात फक्त आकड्याची जागा बदलते पण अर्थ पूर्ण उलटा होतो, आणि हा गोंधळ खूप जणांचा होतो.
आकडा सी च्या आधी असेल तर तो करंट सांगतो. १सी म्हणजे बॅटरीवर जेवढे एएच लिहिलेत तेवढेच अँपिअर, म्हणजे तासाभरात रिकामी करायचा वेग. २५सी म्हणजे त्याच्या २५ पट करंट. आकडा सी च्या नंतर असेल तर तो तास सांगतो. सी२० म्हणजे ही बॅटरी २० तासांत सावकाश रिकामी केली तेव्हा १५०एएच मिळाले. १५० भागिले २० म्हणजे ७.५ अँपिअर. तुमच्या बॅटरीचा १५० हा आकडा ७.५ अँपिअरचा आहे, ५२ अँपिअरचा नाही. त्यामुळे दुकानदार बरोबर बोलला, फक्त अर्धं बोलला.
मी काही वर्षं बॅटरी टेस्टिंगच्या कामात होते. तिथे बॅटरी २७ डिग्रीच्या पाण्याच्या टाकीत ठेवून ठराविक करंटने उतरवायचो आणि १२ व्होल्टच्या बॅटरीचं व्होल्टेज १०.५ ला आलं की घड्याळ बंद. तोपर्यंत जेवढे अँपिअर गुणिले तास झाले ती कॅपॅसिटी. म्हणजे हा आकडा नुसत्या बॅटरीचा नसतो, तो बॅटरी, करंट, तापमान आणि थांबायचं व्होल्टेज या सगळ्यांचा मिळून असतो. यातलं काहीही बदला, आकडा बदलतो.
माळरान यांचा करंट ५२, म्हणजे ०.३५सी. जिथे आकडा ठरवला तो करंट ०.०५सी. सात पट जोरात उपसताय.

माळरान
हे छान समजलं, धन्यवाद. पण सात पट जोरात उपसलं तर सात पट लवकर संपेल एवढंच व्हायला पाहिजे ना? माल तर तेवढाच आहे आत. ५० एएच उष्णतेत गेले का?

सचिन_आर
हो, उष्णतेतच जातात. आय स्क्वेअर आर. करंट सात पट तर उष्णता ४९ पट. त्यामुळेच जास्त लोडला बॅटरी गरम होते. सोपं आहे.

अनघा_प
सचिन, उष्णता होते हे खरं आणि ती करंटच्या वर्गाने वाढते हेही खरं, पण त्याने व्होल्टेज खाल्लं जातं, अँपिअर-तास नाही. बॅटरीतून निघालेला प्रत्येक अँपिअर वायरमधून बाहेर जातोच, तो मध्येच आत जळून जात नाही. म्हणून एएचचा हिशोब उष्णतेने जुळत नाही.
५० एएच कुठेही गेलेले नाहीत. ते बॅटरीतच आहेत, फक्त त्या वेगाने बाहेर येऊ शकले नाहीत.
लेड-अॅसिडमध्ये अॅसिड हा नुसता रस्ता नाही, तो स्वतः वापरला जातो. प्लेट म्हणजे बारीक भोकं असलेला शिशाचा लगदा, आणि काम त्या भोकांच्या आतल्या भिंतींवर चालतं. करंट काढला की भोकांतलं अॅसिड खर्च होऊन तिथे जवळजवळ पाणी उरतं आणि बाहेरच्या अॅसिडने झिरपत आत यावं लागतं. ७.५ अँपिअरला ते आरामात पोचतं. ५२ अँपिअरला पोचायच्या आत संपतं. वर आणखी एक होतं, काम प्लेटच्या बाहेरच्या थरात जास्त होतं आणि तिथे तयार झालेलं लेड सल्फेट भोकांची तोंडं बुजवत जातं, मग आतला माल न वापरताच राहतो. व्होल्टेज घसरून १०.५ ला येतं, इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी संपली.

केशवकाका
अनघाताई, हे तर आमच्या विहिरीसारखंच झालं. साडेसात एचपीची मोटर लावली की तासाभरात पाईपच्या तळाचा फुटबॉल उघडा पडतो आणि मोटर हवा ओढते, म्हणून विहीर आटली असं नसतं. तीन एचपी लावली तर झऱ्याचं पाणी येत राहतं आणि दिवसभरात जास्त भिजतं. दोन तास थांबलं की पाणी परत वर.

अनघा_प
केशवकाका, अगदी तसंच, आणि "थांबलं की परत वर" हे सगळ्यात महत्त्वाचं. माळरान, तुम्ही स्वतः बघू शकता. इन्व्हर्टरने मान टाकली की सगळं बंद ठेवा, अर्धा तास थांबा आणि बॅटरीचं व्होल्टेज मोजा. मग फक्त पंखा आणि राउटर लावून किती चालतं ते सांगा. बॅटरी ठीक असेल तर बऱ्यापैकी चालायला हवं. पण हे एकदाच करा, रोज नको, कारण त्यानंतर ती खरोखर रिकामी झालेली असेल. लाईट येईल तेव्हा लगेच पूर्ण चार्ज होऊ द्या.

पुणेरी_ईव्ही
हाच अनुभव माझ्या स्कूटरचा! ४० च्या स्पीडला चालवली तर रेंज मस्त, ६० ला चालवली की धाडकन कमी होते. कंपनीच्या आकड्याच्या जवळपास पण जात नाही. म्हणजे सी-रेटमुळेच ना हे? सगळ्यांनी हळू चालवा बाबांनो.

सचिन_आर
नाही, तुझी केस वेगळी आहे. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, ४० वरून ६० ला गेलास की दर किलोमीटरला हवा फाडायला सव्वादोन पट एनर्जी लागते. बॅटरीने कमी दिलं नाही, गाडीने जास्त मागितलं. तीन किलोवॉट-अवरचा पॅक आणि ६० ला दोन किलोवॉट धरले तरी ०.६७सी होतो, लिथियमला हे काहीच नाही.

पुणेरी_ईव्ही
बरं. पण मग लिथियमला हा प्रकार होतच नाही का? मी ऐकलं होतं पॉइकर्ट वगैरे सगळ्या बॅटऱ्यांना लागू असतं.

अनघा_प
सचिनचं स्कूटरबद्दल पूर्ण बरोबर आहे.
लिथियममध्येही होतं पण कारण वेगळं आणि नुकसान खूप कमी. तिथे इलेक्ट्रोलाइट खर्च होत नाही, लिथियम एका बाजूने सुटून दुसऱ्या बाजूला जातं, त्यामुळे भोकात अॅसिड संपण्यासारखी अडचण नाही. तिथे मुख्य खेळ आतल्या रेझिस्टन्सचा. समजा जुन्या लॅपटॉपमधला २६०० एमएएचचा गोल सेल आहे आणि त्याचा रेझिस्टन्स ६० मिलिओहम आहे. अर्धा अँपिअर काढला तर ०.०३ व्होल्ट पडतात, कळतही नाही. ५ अँपिअर काढले, म्हणजे जवळपास २सी, तर ०.३ व्होल्ट पडतात. सेल आतून ३.३ व्होल्टचा असतो आणि बाहेर ३.० दिसतात, आणि तुमचा बीएमएस, म्हणजे पॅक सांभाळणारं सर्किट, ३.० ला कापणारा असेल तर तिथेच खेळ संपला. पण शेवटी शेवटी लिथियमचं व्होल्टेज कड्यावरून पडल्यासारखं पडतं, त्यामुळे ०.३ व्होल्ट आधी थांबलात तरी एएच थोडेच राहून जातात.
मात्र एक गोष्ट लोक विसरतात. एएच जवळपास सगळे मिळाले तरी ते कमी व्होल्टेजला मिळाले. ३.६ मधले ०.३ गेले म्हणजे ८ टक्के एनर्जी सेल गरम करण्यात गेली. सचिन म्हणत होता ती उष्णता इथे हिशोबात येते, वॉट-अवरमध्ये.

टोरांटोकर
इथल्या थंडीत हे रोज बघतो. बाहेर उणे १५ असताना फोन २० टक्के दाखवत असतो, कॅमेरा उघडला की फट्कन बंद. खिशात घालून घरी आलो, थोडा गरम झाला की परत चालू होतो आणि १७-१८ टक्के दाखवतो. थंडीत सेलचा रेझिस्टन्स वाढतो, कॅमेरा जास्त करंट मागतो, व्होल्टेज खाली जातं. अनघा म्हणतात तेच, माल आत आहे पण निघत नाही.

सोनचाफा
मग माझी २०००० एमएएचची पॉवरबँक ५००० वाला फोन चार वेळा चार्ज का करत नाही? तोही सी-रेट का?

सचिन_आर
सोनचाफा, तो वेगळा विषय. २०००० हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे, बाहेर ५ व्होल्ट करताना आकडा कमी होतो आणि वर कन्व्हर्जनचा लॉस. धागा भरकटतोय, वेगळा काढ, तिथे सांगतो.

बाजारपेठ
एवढं विज्ञान झालं पण हिशोब कोणीच मांडला नाही. गिऱ्हाईकाला मी काय सांगू? ५०० वॉटला किती तास? मी अंदाजाने ३० टक्के कमी करून सांगतो आणि साधारण जुळतं.

अनघा_प
तुमचा ३० टक्क्यांचा अंदाज या लोडला छान आहे, पण कमी लोडला तो चुकेल. जर्मनीच्या पॉइकर्टने १८९७ मध्ये लेड-अॅसिडसाठी जे सूत्र दिलं ते आजही कामाला येतं:

```
t = H × (C / (I × H))^k
```

H म्हणजे स्टिकरवरचे तास (इथे २०), C म्हणजे १५०, I म्हणजे तुमचा खरा करंट, आणि k हा त्या बॅटरीचा स्वभाव. सगळं आदर्श असतं तर k एक असता. नव्या चांगल्या ट्युब्युलरला मी १.२ धरते, बॅटरी म्हातारी झाली की तो वाढतो. लिथियमला तो १.०५ किंवा त्याहूनही कमी असतो.
माळरान यांचे आकडे घालू. ७.५ भागिले ५२ म्हणजे ०.१४४. त्याचा १.२ घात ०.०९८. गुणिले २०, उत्तर १.९६ तास. त्यांनी सांगितलेले दोन तास इथेच येतात. ५२ गुणिले १.९६ म्हणजे १०२ एएच मिळाले आणि ४८ आत राहिले.
आता त्याच बॅटरीवर रात्री फक्त पंखा, ट्यूब आणि राउटर धरून १२० वॉट चालवा. इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो म्हणून बॅटरीकडून १५० वॉट धरू, म्हणजे साडेबारा अँपिअर. सूत्राने पावणेअकरा तास येतात, साध्या भागाकाराने १२. फरक फक्त १० टक्क्यांचा. म्हणून सगळ्यांना सरसकट ३० टक्के सांगू नका, आधी लोड विचारा.

बाजारपेठ
हे कामाचं आहे, वहीत उतरवून घेतलं. मग सोलरच्या बॅटऱ्यांवर सी१० लिहिलेलं असतं ते? त्या महाग असतात आणि गिऱ्हाईक म्हणतं दोन्ही १५० च आहेत मग मला स्वस्तवाली दे.

अनघा_प
दोन्ही १५० नाहीत. सी१० वर १५० म्हणजे १५ अँपिअरने दहा तास. सी२० वाली १५० ची बॅटरी दहा तासांत उतरवली तर त्याच सूत्राने १३४ च्या आसपास येते. उलट सी१० वाली सावकाश वीस तासांत उतरवली तर १५० च्या वर देईल. स्टिकरवर एएच वाचताना शेजारचा सी वाचला नाही तर तुलना होतच नाही. आणि एखाद्या बॅटरीवर एएच मोठे आणि सी कुठेच छापलेला नसेल तर मी ती घेणार नाही.

शेवंता
हे सूत्र मी पण वापरलंय आणि मला ते सरसकट पटत नाही. शेतावरच्या घरात आमच्याकडे रात्री फक्त दीड अँपिअरचा लोड असतो, दोन छोटे एलईडी आणि कॅमेरा. त्यात १.५ घातला तर १३८ तास येतात, म्हणजे २०७ एएच. १५० च्या बॅटरीतून २०७ कुठून येणार?

अनघा_प
शेवंता, बरोबर पकडलंत. येणार नाहीत. हे सूत्र मधल्या पट्ट्यात चालतं, साधारण तासाभरापासून वीस तासांपर्यंत. त्याहून हळू गेलात की अॅसिड पोचण्याची अडचणच संपते, मग आत जेवढं अॅसिड आणि जेवढा माल आहे तेवढंच मिळणार, १५० पेक्षा थोडंफार जास्त. सूत्राला ही भिंत दिसत नाही.
दुसरी अडचण, सूत्र धरून चालतं की करंट सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच आहे. दुकानात तसं नसतं. तासभर ५२ आणि मग ५ अँपिअर असं चाललं तर पहिल्या तासात "न निघालेलं" पुढच्या तासांत निघतं. ज्या बॅटरी मॉनिटरमध्ये हे सूत्र घालून टक्के दाखवतात ते अशा वेळी बॅटरी आहे त्यापेक्षा रिकामी दाखवतात.
पण शेवंता, तुमच्या केसमध्ये मला दुसरीच काळजी आहे. दीड अँपिअरला तुमचा इन्व्हर्टर कुठे कापतो?

शेवंता
१०.५ ला असावा, सेटिंग कधी बदललं नाही. लाईट तीन-तीन दिवस जाते तेव्हा कापेपर्यंत चालतं. चांगलंच आहे ना, पूर्ण वापरली जाते.

अनघा_प
नाही, हेच बॅटरी मारतं. ५२ अँपिअरला १०.५ दिसतात तेव्हा आत एक तृतीयांश माल शिल्लक असतो. दीड अँपिअरला १०.५ दिसतात तेव्हा आत काहीच शिल्लक नसतं, अॅसिड जवळजवळ पाणी झालेलं असतं आणि प्लेटभर सल्फेट. ते तसंच दोन दिवस राहिलं की कडक होतं आणि नंतर चार्जरने परत वितळत नाही. म्हणजे दुकानातल्या जास्त लोडने बॅटरी "कमी देते" पण त्याच कारणाने थोडी वाचतेही. शेतावरच्या कमी लोडने ती भरभरून देते आणि लवकर जाते. एवढ्या हलक्या लोडला ११.६-११.७ च्या आसपास कापावं असं माझं मत आहे. सेटिंग नसेल तर वेगळं लो-व्होल्टेज कटऑफ सर्किट मिळतं ते लावा.

केशवकाका
११.६ ला कापलं तर मग २४ तास पण नाही चालणार हो. माझ्या शेडवर मी १०.८ ला कापतो, तीन वर्षं झाली, काही झालेलं नाही.

अनघा_प
काका, तुमची बॅटरी रोज सोलरवर पूर्ण भरत असेल आणि १०.८ पर्यंत क्वचितच जात असेल तर चालेल. शेवंता यांच्याकडे ती तीन दिवस रिकामी पडून राहते, फरक तिथे आहे. नेमका कोणता आकडा यावर मी भांडणार नाही, बॅटरीच्या डेटाशीटमध्ये वेगवेगळ्या तासांसाठी वेगवेगळं शेवटचं व्होल्टेज दिलेलं असतं ते बघा.

माळरान
टेस्ट केली! रविवारी दुकान बंद असताना मुद्दाम मेन स्विच पाडून सगळा लोड लावला. दोन तासांना थोडं कमी असताना इन्व्हर्टर बंद झाला. त्या क्षणी बॅटरीवर १०.५ च होते, लोड गेल्या गेल्या ११.३ झाले आणि अर्ध्या तासाने ११.८! हायड्रोमीटर घातला तर ग्रॅव्हिटी ११६० च्या आसपास, पूर्ण चार्जला १२४० असते. मग रिसेट करून फक्त पंखा आणि राउटर लावला, क्लॅम्पवर साडेपाच अँपिअर. संध्याकाळी सहा तास उलटून गेले तरी चालू होतं, मग मीच बंद करून चार्जिंगला लावली. म्हणजे निदान ३३ एएच आणखी निघाले. ४८ चा हिशोब खरा दिसतोय.

सचिन_आर
वा, हे बघून मान्य. उष्णतेचं माझं म्हणणं एएचला लागू नव्हतं.
आता उपाय बोलू. दुसरी तीच बॅटरी पॅरलल लावली तर प्रत्येकीवर २६ अँपिअर येतील. सूत्राने साडेचार तास येतात. एका बॅटरीला दोन तास, दोन बॅटऱ्यांना चार नाही तर साडेचार, कारण प्रत्येकीवरचा वेग अर्धा झाला.

बाजारपेठ
हेच मी गिऱ्हाईकाला सांगतो तर त्याला वाटतं माल खपवतोय. आता हा हिशोब दाखवीन. पण एक, नवी बॅटरी जुनीला पॅरलल लावायची नाही. जुनी नवीला खाते.

केशवकाका
आम्ही लावलीय, एक वर्षाचं अंतर आहे दोघींत. व्यवस्थित चाललंय.

सचिन_आर
एक वर्षाला चालून जाईल. चार वर्षांच्या जुनीला लावाल तर जुनीचा रेझिस्टन्स जास्त, मग ५२ पैकी बराचसा करंट नवीतूनच जाणार आणि वेग अर्धा होण्याचा फायदाच जाणार. क्लॅम्प मीटर दोन्ही वायरींवर लावून बघा काका, किती किती जातात ते लगेच कळेल.

पुणेरी_ईव्ही
माळरान, त्यापेक्षा १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या ना. १२.८ व्होल्टला तुमचा करंट ४९ म्हणजे अर्धा सी, ती जवळपास पूर्ण १०० देईल, म्हणजे दोन तास. तुमच्या १५० वालीएवढंच आणि वजन निम्म्याहून कमी.

अनघा_प
पुणेरी, या लोडला तुमचं म्हणणं तंतोतंत बरोबर. पण १२० वॉटला तीच तुलना बघा: लिथियम आठ-साडेआठ तास आणि लेड-अॅसिड पावणेअकरा. "१०० लिथियम म्हणजे १५० लेड" हे जास्त लोडलाच खरं आहे. लिथियम रोज पूर्ण उतरवली तरी टिकते हा तिचा फायदा वेगळा. शिवाय जुन्या इन्व्हर्टरचा चार्जर लिथियमला चालतो का ते आधी तपासावं लागेल.

ड्रोनवाला
एक शंका. माळरान म्हणाले झेरॉक्सचं दुकान, पण लोडमध्ये प्रिंटर कुठे आहे? लेझर असेल तर हीटर चालू होताना काही सेकंद ७००-८०० वॉट सहज ओढतो. ५२ वर आणखी ८० अँपिअर.

माळरान
हो, लेझर आहे. झेरॉक्सचं मोठं मशीन लाईट नसताना बंदच असतं पण छोटा लेझर मी इन्व्हर्टरवर वापरतो, टेस्टच्या दिवशी तो बंद होता. आणि आता आठवतंय, शिट्टी बहुतेक वेळा प्रिंट दिल्यावरच वाजते.

अनघा_प
ड्रोनवाला, फार चांगला प्रश्न. बॅटरी अर्धी उतरलेली असताना १३० अँपिअरचा झटका बसला तर बॅटरी आणि वायर मिळून एखादा व्होल्ट सहज पडतो. त्या दोन सेकंदांत इन्व्हर्टरला १०.५ दिसतात आणि काही मॉडेल तिथेच कापतात, काही जरा थांबून बघतात. माळरान, प्रिंट देताना एक मीटर बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर लावा आणि दुसरा इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर. दोन्हीत अर्ध्या व्होल्टचा फरक दिसला तर दोष बॅटरीचा नाही, बारीक किंवा लांब वायरचा किंवा वायरच्या टोकाच्या सैल लगचा आहे, आणि तो दोनशे-तीनशे रुपयांत सुटेल.

बाजारपेठ
लग क्रिंप करून घ्या, नुसती वायर गुंडाळून नट आवळू नका. निम्म्या तक्रारी तिथेच असतात.

माळरान
वायरमनने गुंडाळूनच दिलीय. उद्या मोजतो. इंकजेट घेऊन दुपारी लेझर बंदच ठेवावा का, कोणी वापरलाय का इन्व्हर्टरवर?

सोनचाफा
मी वापरते, टाकीवाला इंकजेट. प्रिंट करताना १५-२० वॉटच्या वर जात नाही. फॉर्मसाठी चालतो, फक्त पावसाळ्यात कागद दमट असला की शाई पसरते.

शेवंता
अनघाताई, डेटाशीट सापडली. वीस तासांना १.७५ प्रति सेल लिहिलंय, शंभर तासांना १.८५. बॅटरीत सहा सेल, म्हणून १.८५ ला सहाने गुणलं तर ११.१ येतात, तुम्ही ११.६ म्हणालात. मग मी कोणता धरू?

अनघा_प
११.१ ही कंपनीची टेस्ट थांबवायची जागा, म्हणजे तिथे बॅटरी शंभर टक्के रिकामी धरलेली आहे. मी ११.६ म्हणाले ते थोडं शिल्लक ठेवून, कारण तुमच्याकडे त्यानंतर लाईट कधी येईल याचा भरवसा नाही. लाईट त्याच दिवशी येणार असेल तर ११.१ धरा.